तक्त्यातले तीन तारे कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतात?

संगणकावर रिग्रेशन चालवलं की एक तक्ता छापून येतो. प्रबंध लिहिणारी मुलं त्यातल्या शेवटच्या रकान्यापुढचे तारे बघतात, ‘निष्कर्ष लक्षणीय आहे’ असं लिहितात आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतात. तारे खोटे नसतात. पण ते एका ठरलेल्या प्रश्नाचं उत्तर असतात आणि आपल्या मनातला प्रश्न बहुधा वेगळाच असतो. तक्त्यातले आकडे कागदावर स्वतः काढून पाहिले की हा फरक लख्ख दिसतो. त्यासाठी साधा कॅल्क्युलेटर पुरतो.

आकडे आपल्याच भागातले

आपलं मैलूर बीदर शहरात येतं. बीदर जिल्हा आणि २०११ साली गुलबर्गा विभागात असलेले बाकीचे पाच जिल्हे असे सहा जिल्हे घेऊ. त्या वर्षीच्या जनगणनेनुसार तिथल्या पुरुषांची आणि स्त्रियांची साक्षरता पुढे दिली आहे. हिशेब हाताने जमावा म्हणून टक्केवारी जवळच्या पूर्णांकात आणली आहे. बीदरचे मूळ आकडे ७९.०९ आणि ६१.५५ असे होते.

| जिल्हा | पुरुष | स्त्रिया |
|---|---|---|
| बीदर | ७९ | ६२ |
| गुलबर्गा | ७४ | ५५ |
| रायचूर | ७० | ४९ |
| यादगीर | ६२ | ४१ |
| कोप्पळ | ७९ | ५८ |
| बळ्ळारी | ७७ | ५८ |

सात वर्षं किंवा त्याहून अधिक वयाची, कोणत्याही भाषेत समजून लिहू-वाचू शकणारी व्यक्ती जनगणनेत साक्षर धरली जाते. म्हणजे मैलूरमध्ये कोणी मराठी वाचतं, कोणी कन्नड तर कोणी उर्दू, आणि मोजणीत तिघंही सारखेच साक्षर.

आता प्रश्न असा. ज्या जिल्ह्यात पुरुषांची साक्षरता एका टक्क्याने जास्त आहे, तिथे स्त्रियांची साक्षरता किती टक्क्यांनी जास्त आढळते? ती बरोबर एका टक्क्यानेच जास्त असेल, तर स्त्री-पुरुषांमधली दरी सगळीकडे सारखीच राहते. एकाहून अधिक असेल, तर साक्षरतेत पुढे असलेल्या जिल्ह्यांत ही दरी कमी झालेली आहे. मला जाणून घ्यायचं आहे ते हेच.

संगणकाने छापलेला तक्ता

आर या प्रणालीत आज्ञा तीन ओळींची आहे:

```
purush <- c(79, 74, 70, 62, 79, 77)
stree  <- c(62, 55, 49, 41, 58, 58)
summary(lm(stree ~ purush))
```

उत्तरातला कामाचा भाग असा दिसतो:

```
Residuals:
      1       2       3       4       5       6 
 1.9080  0.5977 -0.8506  0.2529 -2.0920  0.1839 

            Estimate Std. Error t value Pr(>|t|)    
(Intercept) -29.8046     7.5817  -3.931 0.017087 *  
purush        1.1379     0.1028  11.069 0.000379 ***

Residual standard error: 1.516 on 4 degrees of freedom
Multiple R-squared:  0.9684, Adjusted R-squared:  0.9605 
F-statistic: 122.5 on 1 and 4 DF,  p-value: 0.0003789
```

पहिला रकाना: गुणांक

सहा जिल्ह्यांची पुरुष साक्षरता बेरजेत ४४१ भरते, म्हणजे सरासरी ७३.५. स्त्रियांची बेरीज ३२३ आणि सरासरी ५३.८३. प्रत्येक जिल्हा पुरुषांच्या सरासरीपासून किती दूर आहे ते मांडू: बीदर ५.५, गुलबर्गा ०.५, रायचूर उणे ३.५, यादगीर उणे ११.५, कोप्पळ ५.५, बळ्ळारी ३.५. या अंतरांचे वर्ग करून बेरीज घेतली की २१७.५ येतात. त्यातले १३२.२५ एकट्या यादगीरचे आहेत. ही गोष्ट लक्षात असू द्या.

आता प्रत्येक अंतराला त्याच जिल्ह्याच्या स्त्री साक्षरतेने गुणायचं आणि चिन्हं सांभाळून बेरीज करायची. ती २४७.५ येते. २४७.५ भागिले २१७.५ म्हणजे १.१३७९. `purush` या ओळीतला `Estimate` हाच. पुरुष साक्षरता एक टक्का जास्त असलेल्या जिल्ह्यात स्त्री साक्षरता सरासरी १.१४ टक्के जास्त आहे, असं या सहा आकड्यांचं म्हणणं.

`(Intercept)` म्हणजे ही रेषा जिथून सुरू होते तो आकडा: ५३.८३ वजा १.१३७९ गुणिले ७३.५, म्हणजे उणे २९.८. त्याचा शब्दशः अर्थ लावायचा तर, जिथे एकही पुरुष साक्षर नाही तिथे स्त्री साक्षरता शून्याच्याही खाली तीस टक्के! आपल्या आकड्यांत सर्वांत कमी पुरुष साक्षरता ६२ आहे. तिथून शून्यापर्यंत रेषा ओढत नेण्याला कसलाच आधार नाही. या ओळीतल्या ताऱ्यावरून कोणताही निष्कर्ष काढू नये. पुरुषांच्या रकान्यातून आधीच ७३.५ वजा करून रिग्रेशन चालवलं, तर याच जागी ५३.८३ छापून येईल, म्हणजे सरासरी जिल्ह्याची स्त्री साक्षरता, आणि `purush` ची ओळ जशीच्या तशी राहील. मला ही मांडणी जास्त प्रामाणिक वाटते.

दुसरा रकाना: स्टँडर्ड एरर

रेषेनुसार बीदरची स्त्री साक्षरता ६०.०९ यायला हवी होती. प्रत्यक्षात ती ६२ आहे, म्हणून शिल्लक १.९१. कोप्पळची पुरुष साक्षरताही ७९ असल्याने रेषेचा अंदाज तोच, पण तिथे स्त्रिया ५८, म्हणून शिल्लक उणे २.०९. `Residuals` च्या ओळीत जिल्ह्यांच्या क्रमाने हेच आकडे आहेत. त्यांची बेरीज शून्य यायलाच हवी. हिशेब कुठे चुकला का, हे तपासायची ही पहिली जागा.

या सहा शिलकांच्या वर्गांची बेरीज ९.१९५ होते. तिला सहाने नव्हे, चाराने भागायचं. कारण उतार आणि रेषेची सुरुवात हे दोन आकडे आपण याच सहा जिल्ह्यांवरून ठरवले, त्यामुळे मोकळी माहिती चारच जिल्ह्यांइतकी उरली. `4 degrees of freedom` म्हणजे चार मोकळ्या मात्रा, त्या याच. भागाकार २.२९९, त्याचं वर्गमूळ १.५१६. तक्त्याखालचा `Residual standard error` हाच, आणि त्याचं एकक टक्के आहे. जिल्हे रेषेपासून साधारण दीड टक्का इकडेतिकडे आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

उताराची स्टँडर्ड एरर काढायला या १.५१६ ला २१७.५ च्या वर्गमुळाने, म्हणजे १४.७४८ ने भागायचं. उत्तर ०.१०२८. इथे एक गोष्ट उघड होते. छेदात बसलेले २१७.५ म्हणजे पुरुष साक्षरतेची पसरण. जिल्हे एकमेकांपासून जितके लांब, तितका उतार जास्त नेमका वाटतो. आणि ती पसरण मुख्यतः यादगीरमुळे आहे, हे आपण वर पाहिलं.

तिसरा रकाना: टी

टी म्हणजे पहिल्या रकान्याला दुसऱ्याने भागणं, आणखी काही नाही. १.१३७९ भागिले ०.१०२८ म्हणजे ११.०७. वरच्या ओळीत उणे २९.८०४६ भागिले ७.५८१७ म्हणजे उणे ३.९३१. छापलेल्या तक्त्यात हा भागाकार जुळत नसेल, तर कुठेतरी आकडा उतरवताना चूक झाली आहे किंवा गुणांकाची फार काटछाट झाली आहे. दुसऱ्याचा प्रबंध तपासताना मी सर्वांत आधी हाच भागाकार करतो.

या भागाकारामागे एक न छापलेली वजाबाकी दडलेली आहे. खरं सूत्र असं:

```
t = (Estimate - gruhit) / Std. Error
```

`gruhit` म्हणजे ज्या किमतीशी तुलना करायची ती. संगणक तिथे शून्य धरतो. त्यामुळे तक्त्यातला टी ‘उतार शून्य असू शकेल का?’ एवढंच विचारतो. पुरुष आणि स्त्री साक्षरतेचा एकमेकांशी काहीही संबंध नाही असं मानणारं कोणी आहे का? मग तीन तारे मिळवून आपण जे कोणीच म्हणत नव्हतं ते खोडून काढलं.

चौथा रकाना: पी

उतार खरोखर शून्य असता, तर निव्वळ योगायोगाने टी दोन्हीपैकी कुठल्याही बाजूला ११.०७ इतका किंवा त्याहून दूर जाण्याची शक्यता किती? ती शक्यता म्हणजे पी. उतार शून्य असण्याची शक्यता म्हणजे पी नव्हे. या दोन वाक्यांची गल्लत छापील पुस्तकांतही आढळते.

पुस्तकामागच्या टी-कोष्टकात ४ ची ओळ काढली, तर दोन्ही बाजू धरून दहा टक्क्यांसाठी २.१३२, पाच टक्क्यांसाठी २.७७६, एक टक्क्यासाठी ४.६०४ आणि एक सहस्रांशासाठी ८.६१० मिळतात. ३.९३१ हा २.७७६ आणि ४.६०४ यांच्या मध्ये पडतो, म्हणून त्याचा पी पाच आणि एक टक्क्याच्या मध्ये: एक तारा. ११.०७ हा ८.६१० च्याही पुढे: तीन तारे. तारे याच पायऱ्यांवरून लागतात.

बहुतेक पुस्तकं इथेच थांबतात, कारण पी चा नेमका आकडा काढणं किचकट असतं. पण मोकळ्या मात्रा चारच असतील तेव्हा ते कॅल्क्युलेटरवर सहज जमतं:

```
r = |t| / sqrt(t^2 + 4)
p = 1 - (3r - r^3) / 2
```

उणे ३.९३१ चा वर्ग १५.४५. त्यात ४ मिळवले की १९.४५. पहिल्याला दुसऱ्याने भागून वर्गमूळ घेतलं की r ०.८९१३ येतो. त्याची तिप्पट २.६७३९ आणि घन ०.७०८०. वजाबाकी १.९६५९, निम्मे ०.९८२९, एकातून वजा केले की ०.०१७१. तक्त्यात ०.०१७०८७ आहे.

`purush` च्या ओळीत मात्र सांभाळायला हवं. तिथे r ०.९८४०६४ इतका, म्हणजे एकाच्या अगदी जवळ येतो. वरच्या सूत्रात जवळजवळ सारख्या दोन संख्यांची वजाबाकी होते आणि चारच दशांश धरले तर उत्तराचे शेवटचे अंक हातातून निसटतात. अशा वेळी एकातून r वजा करून ०.०१५९३६ घ्या. त्याचा वर्ग ०.०००२५३९६. त्याला २.९८४१ ने, म्हणजे तिनातून तेच ०.०१५९ वजा करून येणाऱ्या संख्येने, गुणा आणि निम्मे करा. ०.०००३७९ येतं. सूत्र तेच आहे, फक्त मांडणी बदलली. काही सॉफ्टवेअर याच जागी `.000` छापतात. पी कधीच शून्य नसतो, म्हणून प्रबंधात ‘०.००१ पेक्षा कमी’ असं लिहावं.

हा r म्हणजे दोन रकान्यांमधला सहसंबंध गुणांकच आहे. त्याचा वर्ग ०.९६८४, तक्त्याखालचा `R-squared`. आणि टी चा वर्ग १२२.५, तिथलाच `F-statistic`. एकच चल असताना खालच्या ओळी नवीन काही सांगत नाहीत.

मोकळ्या मात्रा इतक्या कमी असताना टी ऐवजी नॉर्मल वक्राचं कोष्टक वापरलं, तर केवढी चूक होते? ३.९३१ साठी नॉर्मल कोष्टक ०.००००८५ देतं. खरा पी त्याच्या दोनशेपट आहे. डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यात काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लिहिलेला निबंध नेमका याच अडचणीवर होता. त्यांच्या हाती मोजमापं थोडीच असायची आणि मोठ्या नमुन्यांची कोष्टकं त्यांना खोटा दिलासा देत होती.

न छापलेला रकाना: विश्वासमर्यादा

आर हा रकाना आपणहून देत नाही, `confint` वापरून मागावा लागतो. पण तो एका गुणाकाराचं काम आहे. कोष्टकातला पाच टक्क्यांचा २.७७६ घ्या, ०.१०२८ ने गुणा: ०.२८५. हे गुणांकातून वजा केलं की ०.८५२, मिळवलं की १.४२३.

सवयीने २.७७६ च्या जागी १.९६ वापरणारे पुष्कळ आहेत. तसं केलं तर मर्यादा ०.९३६ ते १.३३९ येतात, म्हणजे रुंदी तीन दशांशाने आकसते. प्रकाशित लेखात गुणांक, स्टँडर्ड एरर आणि मर्यादा दिलेल्या असतील, तर रुंदीच्या निम्म्याला स्टँडर्ड एररने भागून पाहा. १.९६ आला आणि नमुना लहान असेल, तर लेखकाने चुकीची ओळ वापरली आहे.

आपला प्रश्न

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दरी कमी होते का, म्हणजे उतार एकापेक्षा वेगळा आहे का? `gruhit` च्या जागी १ ठेवा. १.१३७९ वजा १ म्हणजे ०.१३७९. त्याला ०.१०२८ ने भागलं की टी १.३४. वर्ग १.८, त्यात चार मिळवून ५.८, भागाकाराचं वर्गमूळ ०.५५७१, आणि पी ०.२५.

तीन ताऱ्यांच्या त्याच ओळीतून निघालेलं हे उत्तर आहे. उतार एक असता, तरी चारपैकी एका वेळी इतका फरक योगायोगाने दिसला असता. दरी कमी होते असं ठामपणे म्हणायला हे सहा जिल्हे पुरेसे नाहीत. मर्यादा काढून ठेवल्या होत्या त्या याच वेळी उपयोगी पडतात: ०.८५२ ते १.४२३ यांच्या मध्ये १ बसतो. जी किंमत ९५ टक्क्यांच्या मर्यादेत असते, तिच्याशी तुलना केली की पी नेहमी ०.०५ च्या वर येतो. आकड्यांचा तक्ता पुन्हा पाहा. दरी बीदरला १७, गुलबर्गा आणि बळ्ळारीला १९, रायचूर, यादगीर आणि कोप्पळला २१. पुरुष साक्षरता बीदर आणि कोप्पळ दोन्हीकडे ७९, आणि तरी दरीत चार टक्क्यांचं अंतर. संदिग्धता तिथूनच येते.

याचा अर्थ उतार एकच आहे असं सिद्ध झालं, असाही नाही. मर्यादेत १.३ आणि १.४ ही आहेत. उतार १.४ असेल तर दरी बऱ्यापैकी भरत चालली आहे. आकड्यांना दोन्ही गोष्टी मान्य आहेत, आणि निबंधात तसंच लिहायला हवं.

यादगीर काढला तर

एका जिल्ह्यावर किती भिस्त आहे हे पाहायला यादगीर वगळून तोच हिशेब करा. उरलेल्या पाच जिल्ह्यांत अंतरांच्या वर्गांची बेरीज २१७.५ वरून ५८.८ वर घसरते. उतार १.१९७ येतो, म्हणजे फारसा हलत नाही. पण स्टँडर्ड एरर ०.१०२८ वरून ०.२२४८ होते, मोकळ्या मात्रा तीन उरतात आणि कोष्टकातला आकडा ३.१८२ वर चढतो. नव्या मर्यादा ०.४८ ते १.९१, आधीच्या अडीचपट रुंद. तिसऱ्या रकान्यात ११.०७ च्या जागी ५.३३ येतो. तो डोळे दिपवणारा टी मुख्यतः एका जिल्ह्याच्या दूर असण्याने तयार झाला होता.

आणखी दोन गोष्टी या तक्त्यात कुठेच लिहिलेल्या नसतात. हे सहा जिल्हे चिठ्ठ्या टाकून निवडलेले नाहीत. ते एकमेकांना लागून आहेत आणि यादगीर तर २००९ अखेरपर्यंत गुलबर्ग्याचाच भाग होता. शिलकी एकमेकांपासून स्वतंत्र आहेत हे गृहीत धरूनच आपण चार मोकळ्या मात्रा मोजल्या. शेजारी जिल्ह्यांच्या शिलकी एकत्र वर-खाली होत असतील, तर खरी मोकळी माहिती चारापेक्षा कमी आणि खऱ्या मर्यादा आणखी रुंद. दुसरं, २०११ मध्ये २५ लाखांवर लोकसंख्येचा गुलबर्गा आणि पावणेबारा लाखांचा यादगीर या हिशेबात सारख्याच वजनाचे आहेत. जिल्ह्याऐवजी त्या वेळचा तालुका हे एकक घेतलं, तर औराद, भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद आणि बीदर हे एका बीदर जिल्ह्याचेच पाच बिंदू होतात. बाकीच्या जिल्ह्यांचे तालुके धरले की मोकळ्या मात्रा वाढतात आणि कोष्टकातला आकडा दोनाच्या जवळ येतो. चार मात्रांचं सोपं सूत्र तेव्हा चालणार नाही. पी साठी `2 * pt(-abs(t), df)` वापरावं लागेल. `gruhit` च्या जागी १ लिहिणं मात्र तिथेही आपल्यालाच करावं लागतं.